फायबरचा एनए ०.५ का येत नव्हता: लॅबमधल्या नोंदी

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या फिजिक्स लॅबचं सामान माझ्याकडे असतं. त्यात ऑप्टिकल फायबरचं एक प्रॅक्टिकल आहे: फायबरच्या एका टोकातून प्रकाश घालायचा, दुसऱ्या टोकासमोर आलेखाचा कागद धरायचा, उजेडाच्या गोलाचा व्यास मोजायचा आणि त्यावरून फायबर जास्तीत जास्त किती तिरका प्रकाश आत घेतं तो कोन, म्हणजे ॲक्सेप्टन्स अँगल, आणि त्याची साइन, म्हणजे न्यूमेरिकल ॲपर्चर किंवा एनए, काढायची. गेली काही वर्षं सगळ्या जर्नलमध्ये एनए ०.५० येतोय. प्रत्येकाचा, दोन दशांश स्थळांपर्यंत. किटमधला एलईडी दीड वर्षापूर्वीच गेलाय हे मला माहीत असल्यामुळे हा आकडा कुठून येतो तेही मला माहीत आहे. मॅडम म्हणाल्या, "सुट्टीत हे एकदा नीट लावा." म्हणून या नोंदी. दुसऱ्या कुठल्या लॅबमध्ये कोणी हेच करायला बसलं तर त्याचे चार दिवस वाचावेत.

९ जून

किट उघडलं. फायबर १ मीटर, काळ्या आवरणाचं, आत १ मिमीचं प्लॅस्टिक. एलईडीचा डबा मेलेला. बदली एलईडी शोधत बसण्यापेक्षा लाल लेझर पेन सरळ टोकासमोर लावला (१५० रुपये, स्टेशनरीच्या दुकानातला). पेन क्लॅम्पमध्ये आणि फायबरचं टोक लाकडी ठोकळ्याला भोक पाडून त्यात बसवलं. कागदापासून टोक २० मिमीवर.

गोल झकास पडला. व्यास ११ मिमी.

```
NA = W / √(4L² + W²)
```

W म्हणजे गोलाचा व्यास, L म्हणजे टोकापासून कागदापर्यंतचं अंतर. ११ भागिले ४१.५, म्हणजे ०.२७. कोन साधारण १५ अंश.

किटच्या पत्रकावर ०.५ आणि ३० अंश लिहिलंय. पत्रक खोटं वाटत नाही. अशा फायबरचा आतला भाग ॲक्रिलिकचा असतो, त्याचा अपवर्तनांक १.४९. वर जेमतेम दहा मायक्रॉनचा फ्लोरिनयुक्त प्लॅस्टिकचा थर असतो, त्याचा सुमारे १.४०. दोघांच्या वर्गांच्या वजाबाकीचं वर्गमूळ काढलं की ०.५१ येतं. मग माझा निम्माच का?

मामा (आमचे लॅब अटेंडंट, वीस वर्षं इथेच) म्हणाले, "सर, टोक बघा की. मुलं कात्रीनं कापतात."

१० जून

मामांचं बरोबर. भिंगातून पाहिलं तर टोक चुरगळलेलं, पांढरट, मधून एक तडा गेलेला. कात्रीने प्लॅस्टिक कापलं जात नाही, चिरडलं जातं.

नवं ब्लेड घेऊन, फायबर काचेवर धरून एका दाबात सरळ कापलं. मग काचेवर वॉटर पेपर पाण्याने ओला करून घासलं: आधी ६००, मग १५००, शेवटी २०००. फायबर उभं राहावं म्हणून जाड पुठ्ठ्यात घट्ट भोक पाडून त्यातून खाली काढलं आणि इंग्रजी आठच्या आकड्यासारखं फिरवत राहिलो. एका टोकाला दहा मिनिटं. दुसरं टोक घासताना ६०० वरून थेट २००० वर गेलो. ओरखडे तसेच राहिले, मग परत मागे. एकूण सकाळ गेली.

टोकं आता आरशासारखी. पुन्हा २० मिमीवर धरलं. व्यास ८.५ मिमी. एनए ०.२१.

म्हणजे टोक सुधारलं आणि आकडा आणखी खाली गेला. मामा काही बोलले नाहीत, चहा आणायला गेले.

११ जून

रात्री विचार करून एवढं लक्षात आलं की टोक खराब होतं तेव्हा ते प्रकाश विखरत होतं. सरळ आलेला लेझर त्या तड्यांवर आपटून वेगवेगळ्या कोनांत आत शिरत होता, म्हणून बाहेर पडतानाही जरा पसरून पडत होता. टोक स्वच्छ केल्यावर लेझर जसा सरळ आला तसाच सरळ आत गेला. लेझर पेनाचा झोत जवळजवळ समांतर असतो. जो किरण फायबरच्या अक्षाला धरून शिरला, तो अक्षाला धरूनच बाहेर येणार. मी मोजत होतो तो माझ्या पेनाचा झोत, फायबरने थोडासा विस्कटलेला. फायबर ३० अंशांपर्यंतचा प्रकाश घ्यायला तयार होतं, मी त्याला तेवढा दिलाच नव्हता.

हे ताडून पाहायला पेन जरा तिरका केला. गोलाच्या जागी कागदावर कडं पडलं. मधे अंधार आणि बाहेर लाल, जाडसर, बांगडीसारखं. पेन आणखी तिरका केला तर बांगडी मोठी झाली. मी मामांना हाक मारली, पलीकडच्या केमिस्ट्री लॅबमधल्या मॅडमही येऊन बघून गेल्या.

कारण सोपं आहे. २० अंशांनी शिरलेला किरण आतल्या भिंतींवर आपटत जातो, पण सरळ दंडगोलात अक्षाशी त्याचा कोन बदलत नाही. तो अक्षाभोवती नुसता फिरतो, त्यामुळे बाहेर पडताना २० अंशांच्या शंकूच्या कडेवर सगळीकडे विखुरलेला असतो. कड्याचा कोन मोजला की तुम्ही कोणत्या कोनातून आत घातला ते कळतं. फायबर वाकडं असेल तर कडं जाड होतं. माझं १ मीटर टेबलावर वेटोळं करून पडलं होतं, म्हणून ते इतकं जाड.

यातून मोजणीची दुसरी रीत मिळाली. कडं मोठं करत जायचं आणि ते कुठे विझतं ते बघायचं. तो कोन म्हणजेच ॲक्सेप्टन्स अँगल.

१२ जून

प्लायवूडच्या तुकड्यावर मोठा कोनमापक चिकटवला, केंद्रात स्क्रू, स्क्रूवर फिरणारी लाकडी पट्टी, पट्टीवर पेन. फायबरचं टोक बरोबर स्क्रूच्या डोक्यावर. पट्टी फिरवली तरी झोत टोकावरून ढळता कामा नये. हे जमवायला दीड तास लागला, कारण पेनाच्या कवचाचा अक्ष आणि त्यातून निघणाऱ्या झोताचा अक्ष एक नसतो. पेनाखाली कागदाच्या घड्या घालून जुळवला.

इथे एक चूक केली. किटचं फायबर आता दोन वेळा कापून तोकडं झालं होतं, म्हणून मी नव्या फायबरवर काम सुरू केलं. ते पुण्यात बुधवार पेठेतल्या एका दुकानातून मागवलेलं, गणपतीच्या डेकोरेशनला आणि छतातल्या चांदण्यांना वापरतात तसलं, वर आवरण नसलेलं, नुसतं पारदर्शक. स्वस्त पडलं. ६० सेंमीचा तुकडा दोन टोकांना सेलोटेपने ताणून टेबलाला चिकटवला.

२५ अंशांना कडं ठळक. ३० ला ठळक. ३५ लाही आहेच. ४० ला थोडं फिकं, पण स्पष्ट. ४० अंश म्हणजे एनए ०.६४. दोन दिवसांपूर्वी ०.२१ होता.

लाइट गेली तेव्हा (जून महिना, रोजचंच) खोली पूर्ण काळोखी झाली, आणि पेनाच्या बॅटरीवर प्रयोग चालू होता म्हणून एक गोष्ट दिसली. पेन ४० अंशांवर असताना, जिथे जिथे सेलोटेपची पट्टी फायबरला चिकटली होती तिथे फायबर लाल चमकत होतं. पट्टीच्या आधी आणि नंतर काही नाही, फक्त पट्टीखाली. बोट लावलं तर बोटाखालीही चमकलं. पेन २० अंशांवर आणला की पट्ट्या विझल्या आणि बोटाखालीही काही दिसेना.

१३ जून

टेपने सगळं सांगितलं होतं. मला ते वाचायला एक दिवस लागला.

या फायबरला दोन भिंती आहेत. पहिली ॲक्रिलिक आणि तो पातळ थर यांच्यामधली, म्हणजे खरी भिंत. दुसरी त्या थराची बाहेरची बाजू, जिथे हवा सुरू होते. ४० अंशांनी बाहेरून आलेला किरण आत वळून अक्षाशी २५.५ अंश करतो, म्हणजे भिंतीच्या लंबाशी ६४.५ अंश. पहिल्या भिंतीचा क्रांतिक कोन ७० अंश आहे (१.४० भागिले १.४९ च्या व्यस्त साइनवरून). ६४.५ हा ७० पेक्षा कमी, त्यामुळे पूर्ण आंतरिक परावर्तन होत नाही आणि किरण थरात शिरतो. पण थराच्या बाहेर हवा आहे, आणि थरातून हवेत जाण्याचा क्रांतिक कोन फक्त साडेपंचेचाळीस. किरण तिथे जवळजवळ ७४ अंशांनी पोचतो, म्हणून दुसऱ्या भिंतीवरून तो पूर्ण परावर्तित होऊन परत आत येतो. थोडक्यात पहिल्या भिंतीने सोडलेला किरण दुसरी झेलत होती. मी ज्याला फायबरचा एनए समजत होतो त्यातला बराचसा हवेचा होता.

जिथे टेप चिकटला होता तिथे हवेच्या जागी डिंक आला. त्याचा अपवर्तनांक थरापेक्षा जास्त, म्हणून दुसरी भिंत तिथे नाहीशी झाली आणि प्रकाश बाहेर गळला.

मग दुसरी भिंत सगळीकडूनच काढायची. आधी पाण्याने पाहिलं. पाण्यात फायबरचा मधला ३० सेंमी भाग बुडवला आणि पेन ४० अंशांवर ठेवला. कडं तसंच. एक अर्धा तास मी पाण्यात बुडबुडे अडकलेत का ते शोधत होतो. मग हिशेब केला: पाण्याचा अपवर्तनांक १.३३, थराचा १.४०. पाणी अजूनही कमीच आहे, तेव्हा भिंत राहते. पाण्यात बुडलेल्या या फायबरसाठी सीमा येते सुमारे ४२ अंशांवर, म्हणून ४० अंशांचा किरण आरामात पार होतो. हा हिशेब आधी केला असता तर टेबल पुसावं लागलं नसतं.

पाण्यापेक्षा आणि थरापेक्षा जास्त अपवर्तनांकाचं, स्वस्त आणि प्लॅस्टिकला न खाणारं काहीतरी हवं. मेडिकलमधून ग्लिसरीनची बाटली आणली. ग्लिसरीन १.४७. कापसाच्या बोळ्याने शेवटच्या १० सेंमीवर चोपडलं.

कड्याकडे बघतच होतो. बोळा सरकत गेला तसतसं ४० अंशांचं कडं विझत गेलं, आणि फायबरचा ग्लिसरीन लागलेला भाग सुरुवातीला लाल पेटल्यासारखा झाला. पेन २५ अंशांवर आणल्यावर कडं परत तसंच ठळक, ग्लिसरीनचा त्याच्यावर काही परिणाम नाही, कारण ते किरण पहिल्या भिंतीवरूनच परतत होते आणि ग्लिसरीनपर्यंत पोचतच नव्हते. बोळा खाली ठेवून मी चार-पाच वेळा पेन पुढेमागे केला. इतक्या वर्षांत हे प्रॅक्टिकल घेताना मला कधी दिसलं नव्हतं की थर कशासाठी असतो.

आमच्या मॅडमना दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या की सुरुवातीला फायबर उघडेच वापरायचे. हॉपकिन्स आणि आपले कपानी या संशोधकांनी फायबरांचा जुडगा करून त्यातून चित्र पाठवल्याचं नेचर या विज्ञान नियतकालिकात छापलं, आणि त्याच अंकात, जानेवारी १९५४ मध्ये, हॉलंडच्या व्हॅन हीलनी कमी अपवर्तनांकाचा थर चढवायचा उपाय छापला. उघडी फायबरं एकमेकांना टेकली की प्रकाश एकातून दुसऱ्यात जातो, बोट लागलं की गळतो. माझ्या सेलोटेपने तेच केलं होतं, एक भिंत बाहेर.

ग्लिसरीन लावून मोजलं: २८ अंशांपर्यंत कडं ठळक, ३० ला मंद, ३३ ला जवळजवळ नाही. आता पत्रकाशी जुळतंय. पण "मंद" आणि "जवळजवळ नाही" हे माझ्या डोळ्यांचे शब्द आहेत.

१६ जून

मुलांना ग्लिसरीनचे बोळे द्यायचे नाहीत, टेबलं चिकट होतील. काळ्या आवरणाचं फायबर परत घेतलं, ५ मीटर, ३८० रुपये. आवरण गळालेला प्रकाश पिऊन टाकतं, दुसऱ्या भिंतीचा प्रश्न बहुतेक मिटतो. प्रॅक्टिकलसाठी आवरणाचंच फायबर घ्या. उघडं फायबर फक्त दाखवायला ठेवा.

आता पहिल्या प्रश्नाकडे: शंकू पूर्ण भरायचा. मुलांना कोनमापकावर पेन फिरवायला लावणं बरं, पण वेळ पुरत नाही, तासाला वीस मुलं असतात. एका झटक्यात सगळे कोन भरायचे तर प्रकाश आतच ढवळायला हवा. ४० मिमीच्या पीव्हीसी पाइपचे दोन तुकडे पाटावर शेजारी उभे केले आणि त्यांच्याभोवती फायबर आठच्या आकड्यात गुंडाळलं, आठ वेढे, जवळजवळ दोन मीटर फायबर त्यात जातं. प्रत्येक वळणावर किरणांचे कोन थोडे बदलतात आणि शंकू भरत जातो.

आधी मी पेन्सिलीभोवती गुंडाळायचा शहाणपणा केला होता. तिसऱ्या वेढ्याला फायबरवर पांढऱ्या रेघा उमटल्या आणि दुसऱ्या टोकाचा उजेड निम्म्याहून कमी झाला. तो अर्धा मीटर कापून टाकला. १ मिमी प्लॅस्टिक फायबर इतकं वाकवायचं नाही.

पाइपांवरून गुंडाळल्यावर गोल मोठा झाला, मधे भरीव, कडेला मऊ. पेन थोडा हलवला तरी गोल बदलत नाही. ही खूण महत्त्वाची आहे. आत जाणारा झोत हलवल्यावर बाहेरचा गोल हलत असेल किंवा आकार बदलत असेल, तर तुम्ही अजून पेनच मोजताय.

१७ जून

कागदावर मोजणी. पाच अंतरं.

१० मिमीवर १४.५ मिमी, १५ वर १९.५, २० वर २४.५, २५ वर २९.५, ३० वर ३४.५.

सूत्रात घातलं. १० मिमीच्या नोंदीचा एनए ०.५९ आला. ३० मिमीच्या नोंदीचा ०.५०. एकच फायबर, एकच प्रकाश आणि एनए अंतराबरोबर उतरतोय. ०.५० दिसल्यावर थांबायचा मोह झाला हे कबूल करतो. पत्रकावरचाच आकडा होता. बहुधा आजवर सगळे इथेच थांबलेत.

व्यास आणि अंतर यांचा आलेख काढला. सरळ रेष, चढ बरोबर १.००. पण ती शून्यातून जात नाही. अंतर शून्य धरलं की व्यास ४.५ मिमी उरतो. यातला १ मिमी समजतो, कारण फायबर स्वतःच १ मिमी जाड आहे आणि सूत्र त्याला बिंदू धरतं. उरलेले साडेतीन? मामांनी ठोकळा उलटा करून दाखवला: टोक ठोकळ्याच्या तोंडाशी नव्हतं, भोकात साडेतीन मिलिमीटर मागे सरकलेलं होतं. मी पट्टी ठोकळ्याच्या कडेपासून लावत होतो. खरं अंतर प्रत्येक वेळी साडेतीन मिलिमीटरने जास्त.

चढ घेतला की या दोन्ही चुका आपोआप गळतात. चढ म्हणजे कोनाच्या टॅनच्या दुप्पट. १.०० चा अर्धा ०.५०, त्यावरून कोन २६.६ अंश, त्याची साइन ०.४५.

म्हणजे चुकीच्या रीतीने ०.५० आणि बरोबर रीतीने ०.४५. हे मुलांना पटवून सांगणं अवघड जाणार आहे.

१९ आणि २० जून

०.४५ कमी का? डोळ्याला गोलाची कड जिथे वाटते तिथे ती नसते. कड मऊ आहे, उजेड हळूहळू मावळतो, आणि लाल गोलाच्या मध्याकडे बघून आलेल्या डोळ्याला कडेचा मंद भाग दिसत नाही. रीतीप्रमाणे मध्याच्या तुलनेत उजेड जिथे ५ टक्के उरतो तो कोन धरतात. त्यासाठी डोळ्याच्या जागी फोटोडायोड हवा.

बीपीडब्ल्यू३४ घेतला. मल्टिमीटरवर थेट करंट पाहिला तर ०.४, ०.५ मायक्रोअँपिअर, शेवटचा आकडा नाचतोय. मग डायोडला १०० किलोओहमचा रेझिस्टर जोडून त्याच्यावरचे मिलिव्होल्ट वाचले. हे जमलं. डायोड फिरत्या पट्टीवर, फायबरच्या टोकापासून ६० मिमीवर.

पहिली फेरी: डाव्या बाजूला ५ टक्क्यांचा बिंदू ३१ अंशांवर, उजव्या बाजूला २६ वर. फायबरचं टोक स्क्रूच्या मध्यापासून तीन मिलिमीटर बाजूला होतं, एवढ्याने दोन्हीकडे अडीच अंशांचा फरक पडतो. दोन्ही बाजूंची सरासरी काढून तो निघून जातो, पण टोक पुढे-मागे असेल तर सरासरी मदत करत नाही, तेव्हा ते नीट मध्यावर आणलेलंच बरं. आणलं.

दुसरी फेरी खोली बंद करून, पडदे लावून. पेन बंद असताना ०.४ मिलिव्होल्ट (दाराखालून येणारा उजेड), तो सगळ्या नोंदींतून वजा. मध्यावर ६१ मिलिव्होल्ट उरले. पाच टक्के म्हणजे ३ मिलिव्होल्ट. डावीकडे २८.५ अंशांवर, उजवीकडे २९ वर. सरासरी पावणेएकोणतीस, साइन ०.४८.

हिशेबाचा ०.५१, पत्रकाचा ०.५, माझा ०.४८. एवढ्या लांबीत सर्वांत तिरके किरण सर्वांत जास्त वेळा भिंतीवर आपटतात, जास्त अंतर कापतात आणि जास्त झिजतात, म्हणून थोडं कमी येणं रास्त आहे. गंमत म्हणून निम्म्या उजेडाचा बिंदू पाहिला: साडेएकोणीस अंश, म्हणजे ०.३३. तेच फायबर. एनए सांगताना किती टक्क्यांवर मोजला हे सांगितलं नाही तर आकड्याला अर्थ राहत नाही.

२३ जून

खर्च: फायबर ३८०, डेकोरेशनचं फायबर १२०, पेन १५०, दोन डायोड आणि रेझिस्टर १६०, वॉटर पेपर आणि ब्लेड ९०, ग्लिसरीन ३५. प्लायवूड आणि पाइप भंगारातले. गेलेले दिवस नऊ, त्यातले निदान चार टाळता आले असते.

पाट तीन केले. मुलांच्या पत्रकातून एका अंतराचं सूत्र काढलं, पाच अंतरं आणि आलेखाचा चढ ठेवला. डायोडची रीत प्रात्यक्षिक म्हणून. मॅडमनी एनए ०.४२ ते ०.५० मधला कुठलाही चालेल असं ठरवलं, अट एकच: आलेखावर पाच बिंदू पेन्सिलीने काढलेले हवेत, आणि रेष शून्यातून ओढलेली नको.

१४ जुलै

पहिली बॅच. तीन पाट. ०.४४, ०.४६, ०.५२.

०.५२ वाल्या मुलांनी पत्रकाशी जुळतंय म्हणून खूश होऊन सही मागितली. आलेख बघितला तर रेष शून्यातून ओढलेली. ठोकळा उलटा करायला सांगितला. टोक भोकात दोन मिलिमीटर आत होतं.

त्यांच्यातल्या एकीने विचारलं, "सर, टोक पाण्यात बुडवून मोजलं तर?" काचेच्या भांड्यात पाणी घेतलं, शंकू दिसावा म्हणून दुधाचे दोन थेंब टाकले आणि टोक सोडलं. बाजूने बघता शंकू अरुंद झालेला दिसतो. तिने भांड्यावर कोनमापक धरून २० वाचले, मी २१. ०.४८ ला १.३३ ने भागून साइनवरून २१ येतात. जर्नलमध्ये तिने २० च लिहिले.